थुंकी गिळता येत नसेल तर सकाळची वाट पाहू नये

प्रश्न: “दादांचा (वडिलांचा) घसा परवापासून दुखतोय. वय 58, शुगर आहे. गावातल्या डॉक्टरांनी बॅटरीने बघितलं, घसा साफ आहे म्हणाले, इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. दुपारी जरा बरं वाटलं, पण संध्याकाळपासून थुंकीसुद्धा गिळता येत नाही, तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज येतोय. ताप 101, ऑक्सिजन 97 आहे. सकाळी अंबाजोगाईला नेलं तर चालेल का? आम्ही केज तालुक्यात राहतो.”

उत्तर:

सकाळपर्यंत थांबू नका, आत्ताच निघा. पुढचे वाचण्याआधी 108 ला फोन करा, किंवा गावातली एखादी गाडी त्याहून लवकर निघू शकत असेल तर तीच काढा. वडिलांना बसवूनच न्या. ते आपणहून पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसत असतील तर त्यांना तसेच बसू द्या, कारण त्या बसण्यानेच त्यांचा श्वासाचा मार्ग थोडा मोकळा राहत असतो. विश्रांती मिळावी म्हणून त्यांना आडवे करू नका. थुंकी गिळण्याचा आग्रह न करता ती टॉवेलवर गळू द्या, आणि पाणी, हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या, राहिलेली गोळी यांपैकी काहीही तोंडात घालू नका. आत काय झाले आहे हे पाहण्यासाठी चमच्याने जीभ दाबण्याचाही प्रयत्न करू नका.

मी कान-नाक-घशाचा शल्यचिकित्सक आहे आणि गेली बरीच वर्षे मराठवाड्यातच काम करतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून नेमके निदान करता येणार नाही, ते दुर्बिणीने पाहिल्यावरच होईल. मात्र आज रात्री निघायचे की नाही हे ठरवण्यासाठी निदानाची गरज नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत घसादुखीचा प्रश्न आता मागे पडला आहे आणि श्वासाचा मार्ग किती उघडा आहे हा प्रश्न पुढे आला आहे. हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो.

पहिली गोष्ट थुंकीची. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळत राहतो. साध्या टॉन्सिलच्या सुजेत माणूस भाकरी नाकारतो, कधी पाणीही नाकारतो, पण तोंड वेडेवाकडे करत का होईना, थुंकी गिळतो. ज्याला तीही गिळता येत नाही, त्याच्या घशात एक तर विलक्षण वेदना असते किंवा गिळण्याच्या वाटेवरच सूज आलेली असते, आणि गिळण्याची वाट व श्वासाची वाट तिथे एकमेकींना इतक्या लागून आहेत की एकीवरची सूज दुसरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. म्हणून मी घसादुखीच्या प्रत्येक रुग्णाला पहिला प्रश्न “थुंकी गिळता येते का?” असा विचारतो. ताप किती आहे, हे मी नंतर विचारतो.

दुसरी गोष्ट आवाजाची. आवाज बसणे आणि आवाज दबणे यांत फरक आहे. सर्दी-खोकल्यात किंवा खूप ओरडल्यावर आवाज घोगरा होतो, कारण स्वरतंतूंनाच सूज आलेली असते. तुम्ही वर्णन केलेला, तोंडात घास असल्यासारखा आवाज वेगळा आहे. त्यात स्वरतंतू बहुधा ठीक असतात, पण त्यांच्यावरच्या पोकळीत काहीतरी फुगल्यामुळे आवाज कोंडला जातो. हे फुगलेले म्हणजे टॉन्सिलच्या बाजूचा पू असू शकतो, जिभेखालची सूज असू शकते, किंवा श्वासनळीच्या तोंडावर पानाच्या आकाराचे जे झाकण असते त्याची सूज असू शकते. त्या झाकणाला एपिग्लॉटिस म्हणतात. लोक ज्याला पडजीभ म्हणतात ती ही नव्हे. पडजीभ तोंड उघडल्यावर मध्ये लोंबताना दिसते, तर हे झाकण जिभेच्या मुळामागे, बरेच खाली असते.

“घसा साफ आहे” या शब्दांचा अर्थही इथेच लागतो. तुमच्या गावातल्या डॉक्टरांची चूक झाली असे मी म्हणत नाही, कारण बॅटरीने टॉन्सिल, पडजीभ आणि घशाची मागची भिंत एवढेच दिसते. श्वासनळीचे तोंड आरसा किंवा दुर्बीण घातल्याशिवाय कोणालाच दिसत नाही. उलट माझ्या दृष्टीने वेदना प्रचंड, थुंकी गिळता येत नाही आणि तरीही बॅटरीने घसा जवळजवळ नेहमीसारखा दिसतो, ही विसंगती हेच एपिग्लॉटिसच्या सुजेचे मोठे लक्षण आहे. अशा रुग्णाच्या कंठमण्याजवळ बाहेरून हलकेच बोट लावले तरी तो कळवळतो. तुम्ही मात्र दाबून पाहू नका, ते आमच्यावर सोडा.

तिसरी गोष्ट ऑक्सिजनची, आणि माझ्या अनुभवात या एका आकड्याने सर्वाधिक रुग्ण उशिरा पोचतात. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि 94 च्या वर म्हणजे सुरक्षित, असे लोकांच्या मनात पक्के बसले. फुप्फुसाच्या आजारात त्या आकड्याला अर्थ आहे. तुमच्या वडिलांचे फुप्फुस चांगले आहे, अडचण वरच्या दारात आहे. दार अरुंद झाले तरी माणूस छातीचा जोर वाढवून पुरेशी हवा आत ओढतो आणि बोटावरचे यंत्र 97 किंवा 98 दाखवत राहते. नळीचा व्यास निम्मा झाला तर तेवढीच हवा ओढायला दुप्पट नव्हे, तर सुमारे सोळापट जोर लागतो. हा जोर लावणारे स्नायू थकले की आकडा हळूहळू उतरत नाही, काही मिनिटांत कोसळतो. म्हणून यंत्राकडे पाहण्यापेक्षा माणसाकडे पाहा. श्वास आत घेताना ओढल्यासारखा, शिट्टीसारखा आवाज येतो का? गळ्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या वर जो खळगा असतो, तो प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो का? माणूस बेचैन होऊन सारखा उठबस करतो का? यांतले काहीही दिसले तर हाताशी मिनिटे आहेत असे समजा. दम्याचा आवाज प्रामुख्याने श्वास सोडताना येतो आणि वरच्या अडथळ्याचा श्वास घेताना येतो, एवढा फरक घरातल्या माणसालाही कान देऊन ओळखता येतो. आणि आधी येत असलेला आवाज कमी झाला, माणूस शांत आणि झोपाळू झाला, तर त्याला आराम पडला असे समजू नका. तो थकला आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री आठच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीचा एक मुकादम माझ्याकडे आला. वय 46, शुगर होती पण गोळ्या अनियमित. दीड दिवसापासून घसा दुखत होता. खांद्यावरच्या पंचाचे एक टोक त्याने तोंडाशी धरले होते आणि अर्ध्या मिनिटाला एकदा तो त्यात थुंकी टिपत होता. पंचा छातीपर्यंत ओला झालेला होता. स्टुलावर बसताना त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, मान पुढे काढली आणि माझ्या प्रश्नांना दोन-दोन शब्दांत उत्तरे दिली. बॅटरीने टॉन्सिल किंचित लाल दिसत होते, बाकी काही नाही. ऑक्सिजन 98 होता. एपिग्लॉटिसची शंका मला आली होती, म्हणूनच मी मानेचा बाजूने एक्स-रे लिहून दिला, आणि त्याला वॉर्डबॉयबरोबर एक्स-रेच्या खोलीत पाठवले.

मी बरोबर गेलो नाही, आणि बसवूनच फोटो काढा हे सांगितले नाही. तिथे त्याला नेहमीप्रमाणे टेबलावर उताणे झोपवण्यात आले. सुजलेले झाकण आणि जिभेचे मूळ वजनाने मागे पडले, घशात साठलेली लाळ श्वासनळीच्या तोंडावर आली आणि त्याचा श्वास कोंडला. आरडाओरडा ऐकून मी पोचलो तेव्हा तो आपल्याच बळाने उठून बसला होता, ओठ निळे पडले होते आणि प्रत्येक श्वासाला करवतीसारखा आवाज येत होता. त्या रात्री भूलतज्ज्ञ एका सिझेरियनसाठी थिएटरमध्येच होते, हे त्याचे नशीब. बसलेल्या अवस्थेतच ऑक्सिजन आणि ॲड्रेनलिनची वाफ देत आम्ही त्याला थिएटरमध्ये नेले. त्याला पूर्ण भूल दिली असती तर घशाचे उरलेसुरले स्नायूही सैल पडून मार्ग बंद झाला असता, म्हणून अर्धवट बसवून, मानेपुरते बधिर करून मी गळ्यातून श्वासनळीला मार्ग केला. नळी आत गेल्यावर त्याने घेतलेला पहिला लांब श्वास मला अजून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा ते पानासारखे पातळ झाकण पिकलेल्या बोरासारखे लाल आणि गोल झालेले होते. शुगर 340 होती. शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन आणि डेक्सामेथासोन, जोडीला इन्सुलिन, यांवर सूज उतरत गेली आणि सहाव्या दिवशी नळी काढली.

तेव्हापासून लाळ गळणारा रुग्ण माझ्या नजरेआड जात नाही. एक्स-रे काढायचाच झाला तर बसवून आणि डॉक्टर सोबत असताना, आणि श्वासाला आवाज येत असेल तर एक्स-रे न काढता थेट थिएटरमध्ये. सलाईन लावण्यासाठी उताणे झोपवण्याची सवय आपल्याकडे सगळीकडे आहे. तुमच्या वडिलांना कोणी झोपवू लागले तर “त्यांना झोपून श्वास घेता येत नाही” हे स्पष्ट सांगा. सलाईन बसूनही लावता येते.

दुपारी त्यांना बरे वाटले होते, या तुमच्या वाक्याकडे मी पुन्हा येतो. गावात दिलेल्या इंजेक्शनांत बऱ्याचदा डेक्सामेथासोन असते. त्याने सूज काही तास उतरते, माणूस चहा घेतो आणि घरचे निश्चिंत होतात. पण संसर्ग तिथेच असतो, औषधाचा जोर ओसरला की सूज परत येते, आणि शुगर असलेल्या माणसाची शुगर या इंजेक्शनाने वाढलेली असते ते वेगळेच. ते औषध वाईट नाही, मीही तेच देतो, पण दवाखान्यात नजरेखाली ठेवून देतो. इंजेक्शनाची चिठ्ठी किंवा रिकामी बाटली सापडली तर बरोबर घ्या. निघण्यापूर्वी जमल्यास बोटातून शुगर तपासा. रात्रीची शुगरची गोळी देऊ नका, आणि दिवसभर त्यांच्या पोटात काही गेले नसेल, तर इन्सुलिनही घरी देऊ नका. शुगर 70 च्या खाली आली असेल तर साखर तोंडावाटे भरवू नका, 108 वर बोलताना ते सांगा, म्हणजे ग्लुकोज शिरेतून देता येईल.

आता, हा एपिग्लॉटिसचाच आजार असेल असे नाही. दुखणे एकाच बाजूला असेल, त्या बाजूचा कानही ठणकत असेल आणि तोंड नीट उघडत नसेल, तर टॉन्सिलच्या मागे पू झालेला असू शकतो. तो सुईने काढला की रुग्ण बहुधा त्याच दिवशी पाणी पिऊ लागतो. खालची दाढ किडलेली असेल, हनुवटीखालचा भाग लाकडासारखा टणक लागत असेल आणि जीभ वर उचलल्यासारखी दिसत असेल, तर दाढेतला पू जिभेखाली पसरला आहे. या आजाराला लुडविग अंजायना म्हणतात. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी त्याचे वर्णन 1836 मध्ये केले. प्रतिजैविके येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, आणि आजही मधुमेही माणसात तो झपाट्याने पसरतो. आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. वडील गुटखा खात असतील तर त्यांचे तोंड आधीपासूनच कमी उघडत असेल. आजारापूर्वी त्यांच्या तोंडात उभी तीन बोटे मावत होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा, कारण तोंड उघडत नसेल तर तोंडावाटे श्वासाची नळी घालणे भूलतज्ज्ञाला फार अवघड जाते आणि त्यांना आधीपासून वेगळी तयारी करावी लागते.

तुम्ही शेतकरी कुटुंबातले असाल तर हेही विचारतो: गेल्या दिवसभरात त्यांनी फवारणी केली होती का? कीटकनाशकाच्या विषबाधेतही तोंडातून लाळ गळते. पण तिथे लाळच जास्त तयार होते. सोबत दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलट्या-जुलाब, छातीत घरघर अशी लक्षणे असतात, आणि दोन दिवसांची घसादुखी व ताप सहसा नसतो. तशी शक्यता असेल तर औषधाचा डबा सोबत न्या. दोन्ही परिस्थितींत दवाखाना आत्ताच गाठायचा आहे.

घरात लहान मूल असेल आणि कधी त्याला असे झाले, तर वेळ याहूनही कमी असते, कारण त्याची श्वासनळी मुळातच अरुंद असते. मुलाला आईच्या मांडीवरून हलवू नका, रडवू नका आणि तोंड उघडायला लावू नका. पूर्वी मुलांमध्ये एपिग्लॉटिसचा आजार बहुधा हिब नावाच्या जंतूमुळे होत असे. त्याची लस आता सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट डोसांत मिळते. वडिलांच्या पिढीला ती मिळालेली नाही, आणि मोठ्या माणसांत इतर जंतूंनीही हा आजार होतो.

दवाखाना निवडताना जवळचा आणि मोठा यांत गोंधळ होतो. वाटेत शक्य असेल तर फोन करून दोनच गोष्टी विचारा: भूलतज्ज्ञ आत्ता उपलब्ध आहेत का, आणि ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्यातून श्वासमार्ग, करू शकणारे डॉक्टर आहेत का. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जवळ आहे, तिथेच जा. मात्र वाटेत श्वासाला आवाज येऊ लागला किंवा वडील सुस्तावले, तर रस्त्यात जे कोणते ऑक्सिजन असलेले रुग्णालय लागेल तिथे थांबा. तिथून पुढे न्यायचे असेल तर ऑक्सिजन आणि डॉक्टर सोबत घेऊनच निघा.

पोचल्यावर काय बोलता यालाही महत्त्व आहे. “घसा दुखतोय” म्हणालात तर केसपेपर काढून रांगेत बसवले जाण्याची शक्यता आहे, कारण रोज शेकडो लोक तेच म्हणतात. त्याऐवजी अपघात विभागात शिरतानाच म्हणा: “शुगरचे पेशंट आहेत, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, आडवे झोपता येत नाही.” हे ऐकल्यावर कोणताही डॉक्टर हातातले काम ठेवून उठेल.

तिथे बहुधा नाकातून एक बारीक, लवचिक दुर्बीण घालून पाहतील. सूज बेताची असेल तर शिरेतून औषधे देऊन एक-दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवतील आणि खाटेशेजारी ट्रॅकिऑस्टॉमीचे साहित्य तयार ठेवतील. बऱ्याच रुग्णांना पुढे काही लागत नाही. सूज जास्त असेल तर रात्रीच संमतीचा कागद तुमच्यापुढे येईल, आणि गळ्याला छिद्र हे शब्द ऐकून घरचे गर्भगळीत होतात, भावकीला फोन लावतात, सकाळी बघू म्हणतात. त्या मुकादमाच्या पत्नीनेही मला “आता हे कायमचे मुके होणार का?” असे विचारले होते. अशा आजारातला हा मार्ग तात्पुरता असतो. सूज उतरल्यावर नळी काढतात, छिद्र साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप भरून येते आणि आवाज परत येतो. त्याचाही आला. डॉक्टरांनी कागद पुढे केला तर शंका तिथेच विचारा, पण त्यासाठी कोणाच्या येण्याची वाट पाहू नका.